झुगझ्वांग: चाल करावी लागणे हेच संकट असलेली स्थिती आधीच ओळखायची कशी?

सावकाश_चाल

गेल्या शनिवारी आमच्या मंडळातील साप्ताहिक स्पर्धेत मी हातात आलेला डाव घालवला. प्यादे फुकट गेले नाही आणि घड्याळातही माझी पुरेशी मिनिटे शिल्लक होती, तरी हरलो, म्हणून हा धागा काढत आहे. स्थिती खाली देतो. ज्यांना संगणकावर लावायची असेल त्यांनी ही ओळ जशीच्या तशी चिकटवावी.

```
8/8/p7/6pK/5kP1/8/P7/8 w - - 0 1
```

ज्यांच्यासमोर लाकडी पट आहे त्यांच्यासाठी शब्दांत सांगतो. पांढरा राजा एच५ वर आणि पांढरी प्यादी जी४ व ए२ वर आहेत. काळा राजा एफ४ वर आणि काळी प्यादी जी५ व ए६ वर आहेत. मी पांढरा होतो आणि चाल माझी होती. ए प्यादे जितके पुढे जाईल तितके चांगले, असा विचार करून मी ते एकदम दोन घरे, म्हणजे ए४ वर नेले. प्रतिस्पर्ध्याने ए५ केले आणि माझ्याकडे राजा हलवण्यावाचून काही उरले नाही. राजा हलला, जी४ चे प्यादे पडले आणि आठ चालींनंतर मी डाव सोडला. शेजारच्या पटावरील एक ज्येष्ठ खेळाडू जाता जाता एवढेच म्हणाले, "झुगझ्वांग होता, तुम्ही स्वतःवरच ओढवून घेतला."

शब्द मला माहीत होता. प्रश्न असा की, ए४ खेळण्यापूर्वी हे मला दिसायला हवे होते, तर नेमके कशाकडे पाहायला हवे होते?

बाकावरचा_प्रेक्षक

मी नियमित खेळणारा नाही, त्यामुळे प्रश्न चुकीचा वाटल्यास क्षमस्व. चाल करायला जागाच उरली नाही, तर नियमानुसार डाव बरोबरीत सुटतो, असे मला लहानपणी शिकवले होते. मग तुम्ही हरलात कसे? पंचांना बोलवायला हवे होते, असे मला वाटते.

सावकाश_चाल

तुम्ही म्हणता ते स्टेलमेट. त्यात शह नसतो आणि नियमात बसणारी एकही चाल उरलेली नसते, म्हणून अर्धा गुण मिळतो. माझ्याकडे नियमात बसणाऱ्या दोन चाली होत्या, राजा एच६ किंवा राजा जी६, आणि त्या दोन्ही मला बुडवणाऱ्या होत्या. पंच त्यात काय करणार!

जुना_पट

प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ए प्यादी पटावरून उचलून बाजूला ठेवा आणि उजव्या कोपऱ्यातील चार मोहऱ्यांकडेच पाहा. पांढरा राजा एच५ वरून दोन कामे करतो, स्वतःचे जी४ राखतो आणि काळ्याच्या जी५ वर डोळा ठेवतो. काळा राजा एफ४ वरून नेमकी हीच दोन कामे उलट बाजूने करतो. प्यादी एकमेकांना भिडलेली असल्यामुळे ती हलत नाहीत. आता चाल पांढऱ्याची असेल, तर त्याचा राजा एच६ ला किंवा जी६ ला जातो (एच४ वर काळ्या प्याद्याचा मारा आहे), जी४ चा आधार सुटतो आणि काळा राजा ते मारून जी५ स्वतःच्या पंखाखाली घेतो. चाल काळ्याची असेल, तर त्याचा राजा ई५, ई४, ई३, एफ३ किंवा जी३ यांपैकी कुठेही गेला तरी जी५ उघडे पडते आणि पांढरा ते मारतो. थोडक्यात, मोहरी त्याच घरांवर असताना ज्याची पाळी तो हरतो. दोघांनाही लागू असलेला हा झुगझ्वांग आहे आणि पट उलटा फिरवला तरी निकाल तोच राहतो.

आता ए प्यादी परत ठेवा. त्या कोपऱ्यात दोघांनाही हात लावायचा नाही, म्हणून सगळा डाव ए ओळीवर येतो. तिथे प्रत्येकाकडे काही फुकटच्या चाली आहेत आणि ज्याच्या त्या आधी संपतील त्याला राजा हलवावा लागेल. हे एवढे कळले, की प्रश्न प्यादे पुढे नेण्याचा राहत नाही. ए ओळीवरची शेवटची चाल कोण करणार, एवढेच मोजायचे राहते.

तुम्ही १. ए४ केलेत, त्याने ए५ केले, शेवटची चाल त्याची झाली. त्याऐवजी १. ए३ करून पाहा. काळ्याकडे ए५ हीच प्याद्याची एकमेव चाल आहे. मग २. ए४ आणि शेवटची चाल तुमची. आता काळ्याचा राजा हलतो. समजा तो ए४ चे प्यादे मारण्यासाठी सरळ डावीकडे धावला: २... राजा ई४, ३. राजा जी५ ला मारतो, राजा डी४, ४. राजा एफ६, राजा सी४, ५. जी५, राजा बी४, ६. जी६, राजा ए४ ला मारतो, ७. जी७, राजा बी३, ८. जी८ वर वजीर आणि तोही शह देत. काळ्याचे प्यादे अजून ए५ वरच आहे. हा शेवटपर्यंतचा हिशेब करणे आवश्यक होते, कारण कोपऱ्यातील प्यादे जिंकून ए ओळीवरची शर्यत हरलात, तर त्या झुगझ्वांगाचा उपयोग नाही. पुष्कळ खेळाडू हाच भाग विसरतात.

म्हणजे एका घराऐवजी दोन घरे गेल्यामुळे डाव गेला. ज्या प्याद्याने अजून मूळ घर सोडलेले नाही, त्याच्याकडे एक घर किंवा दोन घरे असा पर्याय असतो आणि अशा अंत्यखेळात तो पर्याय म्हणजे खिशातले सुटे पैसे. तुमच्या प्रतिस्पर्ध्याने ए६ कधी केले होते, हे आठवते का?

सावकाश_चाल

आठवते. सुरुवातीलाच, माझा उंट बी५ वर येऊ नये म्हणून त्याने ते केले होते. म्हणजे आपला सुटा पैसा त्याने दहाव्या चालीच्या आतच खर्च केला होता आणि मी माझा नेमका चुकीच्या क्षणी काढला.

उंटावरचा_शहाणा

इतके लांबलचक मोजण्याची गरज नाही. माझ्या गुरुजींनी सोपा नियम दिला होता. दोन प्याद्यांमधील रिकामी घरे मोजावीत. ती विषम असतील तर ज्याची चाल तो जिंकतो, सम असतील तर ज्याची चाल तो हरतो. इथे ए३, ए४ आणि ए५ अशी तीन घरे रिकामी आहेत, विषम, म्हणून पांढऱ्याला जिंकता येत होते. प्यादे ए६ ऐवजी ए७ वर असते, तर चार घरे, सम, म्हणून पांढरा हरला असता. दोन्ही तपासून पाहा, नियम बसतो.

जुना_पट

तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणे बसतात, तरी नियम अर्धाच खरा आहे. दोन्ही प्याद्यांना एका वेळी एकच घर जाता येत असेल, तेव्हाच तो पूर्ण लागू पडतो. मूळ घरावरील प्यादे आले की तो मोडतो.

काळे प्यादे ए५ वर ठेवा, बाकी सर्व तसेच, चाल पांढऱ्याची. रिकामी घरे ए३ आणि ए४, म्हणजे सम. तुमच्या नियमाने पांढरा हरायला हवा. पण तो १. ए४ अशी दोन घरांची उडी घेऊन ओळ एका फटक्यात बंद करतो आणि काळ्याला राजा हलवावा लागतो. गंमत अशी, की इथे १. ए३ ही चूक आहे, कारण काळा ए४ करतो आणि पांढरा अडकतो. काळे प्यादे ए६ वर असताना ए३ जिंकते व ए४ हरते, ए५ वर असताना ए४ जिंकते व ए३ हरते. धागाकर्त्याची चाल एका घराच्या फरकाने बरोबर ठरली असती.

आणखी एक तपासणी. ए२ विरुद्ध ए६ याच मूळ स्थितीत चाल काळ्याची आहे असे धरा. घरे विषम, म्हणजे तुमच्या नियमाने काळा जिंकावा. तो ए५ करतो, पांढरा ए४ करतो आणि काळाच हरतो. एका बाजूला पर्याय आहे व दुसऱ्या बाजूला नाही, हे नियमात कुठेच धरलेले नाही.

उंटावरचा_शहाणा

तपासले. ए५ चे उदाहरण खरोखरच नियमात बसत नाही. तरीही घड्याळात चाळीस सेकंद उरलेली असताना मी रिकामी घरेच मोजणार, कारण मूळ घरावरचे प्यादे शेवटपर्यंत क्वचितच टिकते.

मधली_फळी

माझा अनुभव वेगळा आहे. मागच्या महिन्यात मधल्या खेळात माझा वजीर आणि हत्ती एकमेकांच्या पायात अडकले होते आणि प्रतिस्पर्ध्याचा घोडा माझ्या राजासमोर येऊन बसला होता. मी जी चाल पाहावी ती वाईटच निघत होती. शेवटी दोन चालींत मात झाली. हाही झुगझ्वांगच म्हणायचा ना? मग तो केवळ अंत्यखेळातच होतो, असे का म्हणतात?

जुना_पट

प्रत्येक चाल वाईट असणे आणि चाल करावी लागणे वाईट असणे यांत फरक आहे. आपल्याकडे "इकडे आड, तिकडे विहीर" म्हणतात. झुगझ्वांगात सापडलेला माणूस आड आणि विहीर यांच्या मधोमध कोरड्या जमिनीवर उभा असतो. त्याला तिथेच उभे राहू दिले तर त्याचे काही बिघडणार नसते, पण नियम त्याला एक पाऊल टाकायला लावतो. तुमच्या डावात स्वतःला एक प्रश्न विचारा: मला त्या क्षणी चाल न करता समोरच्याकडे पाळी देता आली असती, तर मी वाचलो असतो का? दोन चालींत मात होणार होती, म्हणजे धमकी आधीच उभी होती. पाळी सोडली असती तर मात एक चाल लवकर झाली असती. तिथे तुमचा राजा उघडा पडला होता, चालीची सक्ती हे त्याचे कारण नव्हते.

हीच कसोटी उलट बाजूनेही उपयोगी पडते. अंत्यखेळात तुम्ही वरचढ आहात आणि पुढे सरकण्याचा मार्ग दिसत नाही, अशा वेळी "आता चाल त्याची असती तर?" असे मनात म्हणून त्याच्या चाली एकेक पाहाव्यात. त्या सर्व त्याचे काहीतरी सोडवणाऱ्या निघाल्या, तर तुम्हाला नवी योजना शोधण्याचे कारण नाही. हीच स्थिती पाळी बदलून कशी आणायची, एवढेच शोधायचे.

मधली_फळी

कसोटी मान्य आहे, पण मग १९२३ साली कोपनहेगन येथे झालेल्या झेमिश विरुद्ध निम्झोविच या डावाचे काय? तो तर झुगझ्वांगाचा अजरामर डाव म्हणून सांगितला जातो. पट मोहऱ्यांनी भरलेला होता, निम्झोविचने पंचविसाव्या चालीला एच६ ही साधी प्याद्याची चाल केली आणि झेमिशने डाव सोडला.

जुना_पट

त्या डावावर जुना वाद आहे आणि तो मिटलेला नाही. टीकाकार म्हणतात, की अखेरच्या स्थितीत पांढऱ्याला पाळी सोडता आली असती तरी काळ्याकडे जिंकण्याचा मार्ग होता, म्हणून तो शुद्ध झुगझ्वांग नव्हे. माझे मतही त्याच बाजूला झुकते. तरीही एच६ ही चाल स्वतः काहीच धमकी देत नाही, तुम्हाला जे करायचे ते करा असे सांगते आणि पांढऱ्याची उरलीसुरली प्रत्येक चाल काहीतरी गमावते. या कोंडीचे सौंदर्य नाकारता येत नाही. शिकण्यासाठी मात्र मी तो डाव आधी देणार नाही. मोहरी जितकी अधिक, तितकी एखादी निरुपद्रवी चाल कुठेतरी सापडतेच. म्हणूनच खरी उदाहरणे राजा-प्याद्यांच्या खेळात भेटतात.

मधली_फळी

इथे मी पूर्ण सहमत नाही. खेळाडूला पटासमोर जे वाटते ते महत्त्वाचे आहे आणि झेमिशला हलायला जागा नाही असेच वाटले असणार. असो, माझ्या डावाला मी हा शब्द लावणार नाही.

लिपी_आणि_बोली

विषयाला धरूनच एक लहान मुद्दा. शब्द जर्मन आहे. "त्सूग" म्हणजे चाल आणि "त्स्वांग" म्हणजे सक्ती. मूळ उच्चार त्सूक्-त्स्वांग याच्या जवळ जातो, पण आपल्याकडे झुगझ्वांग रुळला आहे. मराठीत "चालसक्ती" म्हटले तर अर्थ शब्दातच दिसतो. वर ज्यांना स्टेलमेटची शंका आली, त्यांना या शब्दाने ती आली नसती.

अडीचघरी

माझी अडचण पुढची आहे. सावकाश_चाल यांच्याकडे निदान ए प्यादे होते. ज्या स्थितीत दोन्ही बाजूंची सर्व प्यादी अडकलेली आहेत आणि मला फक्त राजाच हलवता येतो, तिथे पाळी समोरच्याकडे कशी ढकलायची? मी हललो की तोही हलतो, मी परत आलो की तोही परत येतो. मुलाला शिकवताना मी पुढील स्थिती लावली होती आणि पंधरा मिनिटे फिरत राहिलो.

```
2k5/8/p1P5/P2K4/8/8/8/8 w - - 0 1
```

पांढरा राजा डी५, प्यादी ए५ आणि सी६. काळा राजा सी८, प्यादे ए६. चाल पांढऱ्याची.

जुना_पट

ही जुनी आणि उत्तम स्थिती आहे. वर सांगितलेली कसोटी लावू. चाल काळ्याची असती तर?

बी७ आणि डी७ ही घरे सी६ च्या प्याद्याच्या माऱ्यात आहेत, म्हणून काळ्या राजाला बी८, डी८ आणि सी७ एवढेच उरते. तो सी७ ला आला, तर पांढरा राजा सी५ ला जातो, काळ्याला मागे हटावे लागते, मग राजा बी६ वर पोहोचतो आणि ए६ चे प्यादे पडते. तो डी८ किंवा बी८ ला गेला, तर पांढरा राजा डी६ ला येतो, काळा सी८ ला परत येतो आणि पांढरा सी७ करतो. इथे थांबून पाहा. प्यादे सातव्या ओळीवर शह न देता पोहोचले, त्यामुळे काळ्या राजाला बी७ ला जावे लागते, पांढरा राजा डी७ ला जातो आणि प्याद्याचा वजीर होतो. तेव्हा चाल काळ्याची असेल तर काळा हरतो.

आता चाल पांढऱ्याची आहे, म्हणून थेट राजा डी६ करून पाहा. काळा डी८ ला येऊन समोर उभा राहतो. सी७ केले तर शह बसतो, राजा सी८ ला जातो आणि पांढऱ्याने सी६ ला येऊन प्यादे राखले की स्टेलमेट. राजा सी५ केले तर काळा सी७ ला येतो आणि वाट बंद. म्हणजे पांढरा राजा डी५ ला असताना काळ्याला सी८ हवे, सी५ ला असताना सी७ हवे आणि डी६ ला असताना डी८ हवे. तुमचा मुलगा ही जोडघरे नकळत बरोबर पकडत होता, म्हणून तुम्ही पंधरा मिनिटे फिरलात.

युक्ती मागच्या अंगणात आहे. पांढरा राजा सी४ किंवा डी४ वर असतो, तेव्हा तो पुढच्या चालीला सी५ लाही जाऊ शकतो आणि डी५ लाही. म्हणून काळ्याला अशा घरात उभे राहावे लागते, जिथून त्याला सी७ आणि सी८ ही दोन्ही घरे एका पावलावर असतील. अशी घरे दोनच, बी८ आणि डी८. पांढऱ्याची सी४ आणि डी४ ही घरे एकमेकांना लागून आहेत, तो एका चालीत एकावरून दुसऱ्यावर जातो. काळ्याची बी८ आणि डी८ ही घरे लागून नाहीत, मध्ये सी८ आहे. सगळा डाव या एका घराच्या अंतरावर ठरतो.

१. राजा डी४, राजा डी८. २. राजा सी४. आता काळ्याला बी८ ला उडी मारता आली असती तर तो वाचला असता, पण राजा उड्या मारत नाही. २... राजा सी८, ३. राजा डी५. स्थिती तीच, पाळी काळ्याची. पांढऱ्याने डी५, डी४, सी४ आणि परत डी५ असा तीन चालींचा त्रिकोण केला, काळ्याला तेवढ्यात दोनच चालींत जाऊन यावे लागले. पहिल्या चालीला काळा बी८ ला गेला, तरी राजा सी४ हेच उत्तर आहे.

अडीचघरी

आत्ताच मुलासमोर लावून पाहिले. त्याने दुसऱ्या चालीला सी८ ऐवजी सी७ केले. मी घाईत राजा डी५ केले आणि त्याने सी८ ला येऊन मला पुन्हा सुरुवातीला आणून ठेवले. चूक कुठे झाली?

जुना_पट

तो सी७ ला आला की तुम्ही सी५ ला जायचे, डी५ ला नाही. सी५ आणि सी७ ही जोडी आहे आणि त्या जोडीत चाल काळ्याची पडली. त्रिकोण पाठ करून चालत नाही, प्रत्येक पावलाला जोडी पाहावी लागते.

बिट_बाइट

संगणकावर अभ्यास करणाऱ्यांसाठी दोन ओळी. वर दिलेल्या ओळींमध्ये `w` हे अक्षर पांढऱ्याची चाल दाखवते. त्याजागी `b` लिहून तीच स्थिती पुन्हा लावा. दोन्ही वेळा पाळी असलेल्याचेच नुकसान होत असेल, तर तुमच्यासमोर दोघांचा झुगझ्वांग आहे. आपले जुने हरलेले अंत्यखेळ असे तपासण्यास फार वेळ लागत नाही.

आणखी एक गंमत. बुद्धिबळाची इंजिने वेळ वाचवण्यासाठी, पाळी सोडून दिली तरी माझी स्थिती चांगली राहते का, असे पाहतात आणि राहत असेल तर ती वाट खोलवर तपासत नाहीत. झुगझ्वांगात नेमके हेच गृहीतक खोटे ठरते, म्हणून केवळ राजे आणि प्यादी उरली की ही युक्ती सहसा बंद ठेवली जाते.

बाकावरचा_प्रेक्षक

माझ्या पहिल्या प्रश्नावर कुणी हसले नाही, याबद्दल आभार. आता नवी शंका. राजा-प्याद्यांच्या खेळापुरतेच हे खरे असेल, तर माझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला ते कधी येणार?

जुना_पट

एका हत्तीने मात करता येते ना तुम्हाला? मग तुम्ही ते अनेकदा केले आहे. पांढरा राजा एफ६, हत्ती एच१, काळा राजा जी८ आणि चाल तुमची, अशी कल्पना करा. थेट मात नाही आणि एच८ ला शह दिला तर राजा हत्ती खाईल. तुम्ही हत्ती एच२ ला सरकवता, एवढेच. काळ्या राजाला एफ८ हे एकच घर आहे, तिथे त्याला जावेच लागते आणि हत्ती एच८ वर मात होते. त्याला जी८ वर बसून राहता आले असते, तर ही मात झालीच नसती.

सावकाश_चाल

हत्ती आणि उंट वाट पाहू शकतात, हे कळले. घोड्याचे काय? त्याच मंडळात माझा एक डाव असा झाला होता, की माझा राजा ए८ वर स्वतःच्याच ए७ प्याद्यापुढे कोंडला होता, काळा राजा सी७ आणि सी८ यांच्यात येरझारा घालत होता आणि माझ्याकडे मोकळा घोडा होता. पन्नास चालींच्या नियमाने बरोबरी झाली. काही चुकले का?

जुना_पट

सुरुवातीलाच ठरलेले होते. घोडा प्रत्येक चालीला घराचा रंग बदलतो आणि तुम्ही सांगितलेला काळा राजाही सी७ या काळ्या घरातून सी८ या पांढऱ्या घरात, म्हणजे प्रत्येक चालीला रंग बदलतो. दोघांचा ताल सारखाच, म्हणून घोड्याला एक चाल वाया घालवता येत नाही, कितीही लांब फिरवून आणला तरी नाही. तुमची चाल असताना घोडा आणि काळा राजा वेगवेगळ्या रंगांवर असतील, तर काळा राजा एका घरात असताना दुसऱ्या घरावर मारा लावता येतो, त्याला येरझारा सोडाव्या लागतात आणि तुमचा राजा बाहेर पडतो. दोघे एकाच रंगावर असतील, तर बरोबरी. तुमचा घोडा बहुधा त्याच रंगावर होता.

सावकाश_चाल

डावाची वही काढून पाहिली. कोंडी झाली तेव्हा चाल माझी होती, घोडा ई५ वर आणि त्याचा राजा सी७ वर. दोन्ही काळी घरे.

उंटावरचा_शहाणा यांनी सुचवलेली ए७ ची स्थितीही लावली. पांढऱ्याने ए३ केले तर काळा ए६ करतो, ए४ केले तर ए५ करतो, दोन्हीकडे पांढरा अडकतो. चाल काळ्याची असेल, तर त्याच्या ए६ ला ए३ आणि ए५ ला ए४ हे उत्तर आहे आणि काळा अडकतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने सुरुवातीला ते ए६ केलेच नसते, तर मी ए३ खेळूनही हरलो असतो. आता बी ओळीवरही दोघांची एकेक प्यादी मूळ घरावर ठेवून मोजण्याचा प्रयत्न करत आहे. दोन ओळी झाल्या की ती एकमेकांना मारूही लागतात आणि माझा हिशेब प्रत्येक वेळी वेगळा येतो. कुणाला तो नीट मांडता आला, तर इथे लिहावे.